चिन्ह गाळलेले फरक

“बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. संख्यामालिकेत फरक काढते, फरकांचे फरक काढते, तरी उत्तर येत नाही. माझं गणितच कच्चं आहे का?”

ही विद्यार्थिनी भेटायला आली तेव्हा मी तिला सरावाची कच्ची वही सोबत आणायला सांगितले होते, कारण अशा तक्रारीचे मूळ बोलण्यापेक्षा कच्च्या कामात लवकर सापडते. वहीत एक मालिका होती: ४, ९, ७, १५, १२, २३, १९, आणि पुढचे पद विचारलेले. तिखाली तिने फरक लिहिले होते ५, २, ८, ३, ११, ४. वजाबाकी अचूक होती; मात्र मालिका कुठे चढते आणि कुठे उतरते हे सांगणारी चिन्हे तिने गाळली होती, आणि या आकड्यांचे पुन्हा फरक काढत ती तिसऱ्या ओळीपर्यंत गेली होती.

मी तिला तेच फरक चिन्हांसह लिहायला सांगितले: +५, −२, +८, −३, +११, −४. चिन्ह दर पदाला उलटते, म्हणजे बहुधा दोन मालिका एकाआड एक गुंफलेल्या आहेत. विषम स्थानांवर ४, ७, १२, १९ असून त्यांचे फरक ३, ५, ७ आहेत. सम स्थानांवर ९, १५, २३ असून फरक ६ आणि ८, म्हणून पुढचा १० आणि उत्तर ३३.

यावर तिने विचारलेली शंका रास्त होती: अवघ्या दोन फरकांवर विश्वास कसा ठेवायचा? तेवढ्यावर खरोखरच ठेवू नये, कारण तीन पदांना कोणताही नियम लावता येतो. म्हणून आम्ही दुसऱ्या वाटेने पडताळा घेतला. मूळ ओळीतील चढते फरक ५, ८, ११ असे तीनने वाढतात, म्हणून पुढचा १४, आणि १९ मध्ये १४ मिळवले की पुन्हा ३३ च येतात. फरकांची प्रत्येक नवी ओळ एक आकडा गमावते, त्यामुळे पाच-सहा पदांच्या मालिकेत तिसऱ्या ओळीपुढे जाण्यात सहसा अर्थ नसतो.

चिन्ह न बदलता पदे झपाट्याने फुगत असतील, तर भागाकार करावा, आणि तोही मोठ्या टोकाकडून. ७, ८, १८, ५७, २३२ या मालिकेत सुरुवातीचे ८ भागिले ७ काहीच सुचवत नाही. पण २३२ भागिले ५७ हे चारहून किंचित जास्त येते आणि ५७ भागिले १८ तीनहून किंचित जास्त, कारण मिळवलेली लहान संख्या मोठ्या पदापुढे नगण्य ठरते. ती वेगळी काढली की दुसरा थर दिसतो: ५७ गुणिले ४ म्हणजे २२८, उरले ४, १८ गुणिले ३ म्हणजे ५४, उरले ३. पुढचे पद २३२ गुणिले ५ अधिक ५, म्हणजे ११६५, हे तिने स्वतःच वहीत मांडले, आणि मग मागे जाऊन ७ गुणिले १ अधिक १ बरोबर ८ येतात का, हेही न सांगता तपासले.