साठ वॅटचा उजेड सात वॅटमध्ये

प्रश्न: जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि ७ वॅटचा एलईडी सारखाच उजेड देतात म्हणे. मग मधले ५३ वॅट जायचे तरी कुठे? आणि एलईडीसुद्धा हाताला गरम लागतोच की!

उत्तर:

दोन्ही बल्बमधून डोळ्यांना दिसणारा जेवढा उजेड बाहेर पडतो, तो वॅटमध्ये मोजला तर जेमतेम दोन-अडीच वॅट भरतो. डोळ्यांना जाणवणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि दोघांचा आकडा ७००च्या आसपास येतो. फरक पडतो तो एवढा उजेड काढायला किती वीज ओतावी लागते त्यात. साठमधून अडीच काढणं आणि सातमधून अडीच काढणं, एवढंच सगळं प्रकरण आहे.

आधी जुना बल्ब बघू. त्यात विजेचा उजेड होतच नाही, विजेची होते उष्णता. टंगस्टनची बारीक तार इतकी तापते की ती चमकायला लागते. किती तापते याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. सुटा, थंड ६० वॅटचा बल्ब मल्टीमीटरला लावा, रोध साधारण ६०-७० ओम दाखवेल. आता २३० व्होल्टवर तो ६० वॅट घेतो, म्हणजे पेटल्यावर त्याचा रोध ८८० ओमच्या घरात असायला हवा. तारेचा रोध बारा-चौदा पट वाढलाय आणि तो तापल्यामुळेच वाढलाय. टंगस्टनच्या बाबतीत याचा अर्थ तार २४०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. (बल्ब बहुधा बटण दाबल्या क्षणीच का उडतो, तेही यात आलं: थंड तारेतून पहिल्या क्षणाला कितीतरी पट जास्त करंट जातो.)

तापलेली कुठलीही वस्तू एका रंगाचा प्रकाश देत नाही, भला मोठा पट्टाच सोडते. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड लाल दिसायच्या आधीच हाताला झळ देत असतं, हे ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. २४०० अंशांच्या तारेचा जोर असतो ११००च्या आसपास, म्हणजे दिसणाऱ्या पट्ट्याच्या पार पलीकडे, इन्फ्रारेडमध्ये. थोडी उष्णता बल्बमधल्या वायूतून काचेला जाते, पण तारेला मिळालेली बहुतेक ऊर्जा किरणांच्या रूपानंच बाहेर पडते. म्हणजे तार किरण टाकण्यात अजिबात कमी पडत नाही, फक्त ते किरण आपल्याला दिसत नाहीत. दिसणारा भाग पाच टक्क्यांहूनही कमी.

मग तार आणखी तापवायची! बरोबर आहे, जोर दिसणाऱ्या पट्ट्याकडे सरकतो आणि उजेड वाढतो. पण टंगस्टन ३४०० अंशांच्या थोडं वर वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची वाफ व्हायला लागते. जुन्या बल्बच्या काचेला आतून जो काळपट थर बसतो, तो त्या वाफेचाच. फोटो स्टुडिओत पूर्वी जास्त तापणारे प्रखर दिवे वापरत, ते काही तासांतच संपत. घरगुती बल्ब हजारेक तास टिकवायचा म्हणून तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे सुधारणेला फारशी जागाच उरत नाही.

एलईडीत तापवण्याचा हा फेरा मुळातच नाही. गॅलियम नायट्राइडमध्ये थोडं इंडियम मिसळून केलेल्या स्फटिकाच्या पातळ थरात एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूनं इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जागा, म्हणजे होल. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडला की त्याची जास्तीची ऊर्जा प्रकाशाचा एक कण होऊन बाहेर पडते. ती ऊर्जा किती असणार हे पदार्थच ठरवतो. निळ्या एलईडीत ती साधारण २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि त्यातून ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश येतो. इलेक्ट्रॉनला तिथवर ढकलायला लागतात सुमारे ३ व्होल्ट. टाकले तीन, मिळाले पावणेतीन! बाकीच्या पट्ट्यावर उधळपट्टी नाही, इन्फ्रारेडचा तर प्रश्नच नाही.

अर्थात प्रत्येक इलेक्ट्रॉन उजेड देत नाही, काही नुसतीच उष्णता देतात, आणि तयार झालेला थोडा प्रकाश स्फटिकातच अडकतो. तरीही चांगली निळी चिप मिळालेल्या विजेच्या अर्ध्याहून जास्त भागाचा प्रकाश करते. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण कामाचा, प्रखर निळा यायला १९९०चं दशक उजाडलं. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. निळ्याशिवाय पांढरा होत नव्हता, म्हणून त्याचं एवढं कौतुक.

एलईडी बल्बचं झाकण काढलंत तर आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. चिप निळीच असते, वरचा पिवळा थर फॉस्फरचा. तो निळ्या प्रकाशातला बराचसा गिळतो आणि पिवळा करून सोडतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. पिवळ्या कणात निळ्यापेक्षा ऊर्जा कमी असते, ती तफावत तिथेच उष्णता होते, साधारण पाचवा हिस्सा. पिवळसर प्रकाशाच्या एलईडीत जास्त निळ्याचं रूपांतर करावं लागतं, म्हणून त्याच कंपनीचा तेवढ्याच वॅटचा पिवळसर बल्ब पांढऱ्यापेक्षा बहुधा थोडे कमी ल्युमेन देतो.

आता सात वॅटचा ढोबळ हिशोब. साधारण एक वॅट ड्रायव्हर खातो, म्हणजे २३० व्होल्टच्या एसीचा डीसी करून करंट आवरून धरणारं मागचं सर्किट. उरलेल्या सहातून सव्वातीन वॅटचा निळा प्रकाश होतो. फॉस्फर आणि दुधी झाकण यांतून निघून हाती पडतात सव्वादोन. म्हणजे पावणेपाच वॅटची उष्णता झालीच, तुमच्या हाताला लागते ती हीच.

पण ती लागते कुठे, ते नीट बघा. एलईडीचं पुढचं झाकण कोमट असतं आणि मागची मान गरम. जुन्या बल्बसमोर वीतभर अंतरावर हात धरला तरी झळ लागते, एलईडीसमोर काहीच जाणवत नाही. एलईडीची उष्णता किरणांतून निघून जात नाही, तिला धातूतूनच वाट काढावी लागते. टंगस्टनची तार २४०० अंशांवर खुशाल राहते, एलईडीच्या चिपचं आयुष्य मात्र शंभरेक अंशांच्या पुढे झपाट्यानं घटतं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात किंवा हवा न खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले एलईडी लवकर जातात. गेलेला बल्ब उघडला तर एखाद्या पिवळ्या चौकोनावर बऱ्याचदा काळा ठिपका सापडतो. चौकोन सहसा सिरीजमध्ये असतात, त्यामुळे एक उडाला की सगळा बल्ब अंधारात.

स्वस्त बल्बमध्ये आणखी एक मेख असते. चिपा कमी बसवायच्या आणि प्रत्येकीत करंट जास्त सोडायचा. करंट वाढला की दर वॅटमागचा उजेड घटतो आणि तापमान वाढतं. तेव्हा खोक्यावर नुसते वॅट बघू नका, ल्युमेन बघा. ७ वॅटला ७०० लिहिलं असेल तर चांगलं, ५००च असेल तर तो साठची बरोबरी करणार नाही.

रोज पाच तास लावला तर जुना बल्ब महिन्याला नऊ युनिट घेतो, सात वॅटचा एलईडी एक युनिट आणि वर थोडं. पोल्ट्रीवाले लहान पिल्लांच्या ब्रूडरमध्ये मात्र पिवळे बल्बच लावतात, कारण तिथे त्यांना ती झळच हवी असते.