चर्चासत्रासाठी रजेचा अर्ज : परवानगी वेगळी, हजेरी वेगळी

प्रश्न : मी पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या सदाशिव पेठेतल्या एका शाळेत माझी आंतरवासिता चालू आहे. १२ व १३ डिसेंबरला, म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारी, गणित अध्यापनावर राज्यस्तरीय चर्चासत्र आहे आणि मी नोंदणी केली आहे. आंतरवासितेचे एकूण ९० दिवस धरले आहेत. डेंग्यूमुळे माझे सात दिवस आधीच बुडाले आहेत. प्राचार्यांना रजेचा अर्ज कसा लिहू? नमुना मिळाला तर बरे होईल.

उत्तर : एका अध्यापक महाविद्यालयात आंतरवासितेच्या समन्वयाचे काम मी बरीच वर्षे पाहिले. त्या काळात असे अर्ज माझ्याच टेबलावरून प्राचार्यांकडे जात असत. नमुना खाली देतो, पण त्याआधी तुमच्या हजेरीचा हिशोब करू, कारण अर्जात नेमके काय मागायचे हे त्यावरूनच ठरते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार बी.एड.च्या अभ्यासक्रमाला व प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला किमान ९० टक्के उपस्थिती लागते. नव्वद दिवसांचे ९० टक्के म्हणजे ८१ दिवस, म्हणून तुम्हाला जास्तीत जास्त नऊ दिवस गैरहजर राहता येईल. त्यांपैकी सात दिवस आजारपणात गेले आहेत. चर्चासत्राचे दोन दिवस रजा म्हणून लागले तर तुम्ही बरोबर ८१ वर याल, आणि त्यानंतर एक दिवस जरी ताप आला तरी अडचणीत सापडाल. तेच दोन दिवस उपस्थितीत धरले गेले तर ते दोन दिवस तुमच्या हाताशी शिल्लक राहतील.

म्हणून एका अर्जात तुम्हाला दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली म्हणजे त्या दोन दिवशी शाळेत न येण्याची परवानगी, आणि दुसरी म्हणजे ते दिवस आंतरवासितेच्या उपस्थितीत ग्राह्य धरण्याची विनंती. बहुतेक छात्राध्यापक या दोन्ही गोष्टी ‘रजा मंजूर व्हावी’ या एकाच वाक्यात गुंडाळतात. प्राचार्य त्यावर ‘मान्य’ असा शेरा मारतात, आणि तीन महिन्यांनी हजेरीचा तक्ता तयार होताना लिपिक त्या दिवसांपुढे सरळ ‘रजा’ लिहितो. त्यात लिपिकाचा काही दोष नसतो, कारण कागदावर रजाच मागितलेली असते. मागण्या वेगवेगळ्या क्रमांकांखाली असतील तर शेराही वेगवेगळा मिळतो. पहिली मान्य आणि दुसरी अमान्य झाली तरी निदान तुम्हाला ते आजच कळते, आणि जायचे की नाही हे विचारपूर्वक ठरवता येते.

काही जण अर्जात ‘कर्तव्य रजा’ असा शब्द घालतात. ती सवलत नोकरीतल्या शिक्षकांसाठी असते आणि छात्राध्यापक हा कर्मचारी नसतो, त्यामुळे तो शब्द टाळा. ९० टक्क्यांची अट शिथिल करण्याची विनंतीही करू नका, कारण तो अधिकार महाविद्यालयाकडे नाही. बाहेरचा शैक्षणिक कार्यक्रम आंतरवासितेच्या कामात धरायचा का, एवढाच निर्णय प्राचार्यांकडे मागता येतो.

दुसरी अडचण शाळेची असते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने प्राचार्यांची तोंडी परवानगी घेतली, पण शाळेत कोणाला कळवलेच नाही. आठवीचा वर्ग पूर्ण तासिका शिक्षकाविना बसून राहिला. मुख्याध्यापकांचे पत्र दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयात आले आणि पुढच्या तुकडीला त्या शाळेत जागा मिळवताना आम्हाला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या. तेव्हापासून प्राचार्य कोणताही अर्ज हातात घेतला की पहिला प्रश्न विचारत, ‘तासिकांचे काय?’ याचे उत्तर अर्जातच असले पाहिजे.

तुमच्या त्या दोन दिवसांत समजा तीन तासिका आहेत आणि त्यांपैकी शुक्रवारच्या पाठाचे निरीक्षण व्हायचे आहे. निरीक्षणाचा पाठ मैत्रिणीला घ्यायला सांगू नका, कारण निरीक्षण तक्त्यावर पाठ घेणाऱ्याचे नाव आणि निरीक्षकाची सही असते. तो आधीच्या मंगळवारी किंवा बुधवारी घ्या आणि विषयशिक्षकांशी तासिकेची अदलाबदल करा. उरलेल्या दोन तासिका सहछात्राध्यापिका घेऊ शकते, मात्र पाठ टाचण तुम्हीच लिहून द्या. हे सगळे ठरल्यावर विषयशिक्षकांची संमती घ्या आणि मगच अर्ज लिहा.

> दि. २ डिसेंबर
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव), पुणे
>
> मार्फत : मार्गदर्शक प्राध्यापक, गणित अध्यापन पद्धती
>
> विषय : चर्चासत्रास उपस्थित राहण्यासाठी परवानगी मिळण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी द्वितीय वर्ष बी.एड.ची छात्राध्यापिका (हजेरी क्र. —) असून माझी आंतरवासिता (शाळेचे नाव) येथे चालू आहे. दि. १२ व १३ डिसेंबर रोजी पुण्यात गणित अध्यापनावरील राज्यस्तरीय चर्चासत्र होत असून त्यासाठी मी नोंदणी केली आहे. माहितीपत्रक व नोंदणीची पावती सोबत जोडली आहे.
>
> या दोन दिवसांत माझ्या तीन तासिका आहेत. त्यांपैकी निरीक्षणाचा पाठ मी विषयशिक्षकांच्या संमतीने दि. ९ डिसेंबर रोजी घेणार आहे. उर्वरित दोन तासिका सहछात्राध्यापिका (नाव) घेतील व त्यांची पाठ टाचणे मी त्यांच्याकडे देईन. आजारपणामुळे माझी आजपर्यंतची अनुपस्थिती सात दिवसांची आहे.
>
> तरी विनंती की,
> १. वरील दोन दिवशी शाळेत अनुपस्थित राहण्याची परवानगी मिळावी.
> २. चर्चासत्राचे उपस्थिती प्रमाणपत्र सादर केल्यावर हे दोन दिवस आंतरवासितेच्या उपस्थितीत ग्राह्य धरावेत.
>
> आपली विश्वासू,
> (सही व नाव)
>
> प्रत माहितीसाठी : मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव)

सात दिवसांचा उल्लेख अनेकांना आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यासारखा वाटतो. पण ती नोंद प्राचार्यांसमोर येणारच असते, आणि तुम्ही ती स्वतः लिहिली असेल तर दुसरी विनंती का केली आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चर्चासत्राचे महत्त्व सांगणारा परिच्छेद मी मुद्दाम घातलेला नाही, कारण माहितीपत्रकात तो छापलेलाच असतो. ‘महोदय’ की ‘महोदया’ हे मात्र नीट पाहून एकच ठेवा. जुन्या अर्जावरून उतरवताना बाईंना ‘महोदय’ लिहिल्याचे प्रसंग दर वर्षी घडतात.

अर्ज थेट प्राचार्यांच्या दालनात नेऊ नका. आधी मार्गदर्शक प्राध्यापकांची शिफारस आणि सही घ्या, मग दोन प्रती कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. शेरा मिळाल्यावर त्याची छायाप्रत मुख्याध्यापकांकडे स्वतः नेऊन द्या. चर्चासत्राच्या आठ-दहा दिवस आधी हे सुरू केले नाही, तर तासिकांची अदलाबदल करायला वेळ उरत नाही.

प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी समारोपानंतर देतात, त्यामुळे शनिवारी दुपारी जेवण करून निघून येऊ नका. त्यावर दोन्ही तारखा आहेत का, हे तिथेच पाहून घ्या. एकच तारीख असेल तर दुसरा दिवस अनुपस्थितीत जाऊ शकतो. सोमवारी प्रमाणपत्राची प्रत आणि एक पानी अहवाल कार्यालयात द्या, आणि महिनाअखेरीस हजेरीपत्रकात त्या दोन दिवसांपुढे काय लिहिले आहे, ते स्वतः जाऊन बघा.