विषयाच्या ओळीतलं 'बाबत' काढलं तर चालेल का?

"सोसायटीच्या मेलचा विषय फोनवर अर्धाच दिसतो. शेवटचं 'असल्याबाबत' काढलं तर मराठी चुकीचं होईल का?"

नाही होत, बिनधास्त काढा. पण नुसतं शेपूट कापून भागणार नाही, कारण फोनही शेपूटच कापतो आणि मराठीत नेमकं कामाचं सगळं शेपटातच असते नं.

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या सोसायटीचंच सांगतो. मेलचा विषय होता 'टाकी धुणार असल्याने रविवारी पाणी येणार नाही'. वाक्य एकदम शुद्ध, पण माझ्या फोनवर दिसलं 'टाकी धुणार असल्याने रविवारी पाणी येणार…'. 'नाही' गेलं आणि अर्थच उलटला! बाजूच्या काकू म्हणे, येणारच आहे तर भरून काहून ठेवायचं, आणि मेल काही उघडला नाही, रविवारी त्यांच्याकडे थेंब नाही. म्हणून विषयात 'येणार नाही', 'मिळणार नाही' असा शेवटी येणारा नकार ठेवूच नका, त्या जागी 'बंद', 'रद्द' असा एका शब्दात बसणारा घ्या आणि तो पुढे आणा. आपण नंतर केला तो विषय असा: 'रविवारी पाणी बंद, सकाळी 8 ते 2'. क्रियापद नाही, तरी मराठी पक्की, पेपरचे मथळे असेच तर असतात. फक्त प्रत्यय खाऊ नका, 'रविवारी' आणि 'रविवारपर्यंत' यात पूर्ण आठवड्याचा फरक पडतो.

आता विषयाखालची फिकट ओळ. साध्या मेलला तिची वेगळी जागा नसते, मजकुराची सुरुवात असते तीच तिथे दिसते, म्हणून सगळ्यांकडे 'सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की' एवढंच दिसलं आणि जागा संपली. आम्ही नमस्कार दुसऱ्या ओळीत नेला, पहिली ओळ केली 'शनिवारी रात्रीच भरून ठेवा, टाकी धुणार आहे'. विषयातलं पाणी बंद इथे परत लिहिलं नाही, काय करायचं तेवढंच सांगितलं. कोणाला नमस्कार खाली गेलेला उद्धट वाटेल, मला तर काकूंना वेळेवर कळणं जास्त अदबीचं वाटते.

अजून एक, अक्षरं मोजण्याच्या भानगडीत पडू नका. 'स्वच्छता' आपल्याला तीन अक्षरं, पण कॉम्प्युटर हलन्त आणि काना वेगळे मोजून आठ धरतो, त्यामुळे इंग्रजीसाठी सांगितलेले 30-40 चे आकडे इथे नीट लागू पडत नाहीत. आधी स्वतःला मेल पाठवा आणि घरात ज्यानं फॉन्ट मोठा ठेवलाय त्याच्या फोनवर पाहा. तिथे 'बंद' दिसलं की बाकीचं कापलं गेलं तरी चालते.

महापालिकेत कागदावर अर्ज देताना मात्र 'बाबत' राहू द्या, तिथे कोणी कापत नाही.