लॅमिनार फ्लो: 'संथ' की 'स्तरीय'?

"तेल आणि मळीच्या पंपांची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. लॅमिनारला 'संथ प्रवाह' आणि टर्ब्युलंटला 'वेगवान प्रवाह' लिहिलं तर चालेल का?" (सातपूर, नाशिक)

नाही चालणार. 'स्तरीय' आणि 'संक्षुब्ध' लिहा. 'संथ' म्हटलं की वेग कमी, असंच कोणीही समजेल. आणि फरक नुसत्या वेगाचा नाही.

ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून पाहिली. एका स्थितीत ती दोऱ्यासारखी सरळ राहिली, दुसरीत विस्कटून सगळीकडे पसरली. कुठली स्थिती येईल ते रेनॉल्ड्स नंबर Re = ρVD/μ वरून कळतं: घनता, वेग आणि नळीचा व्यास यांचा गुणाकार, भागिले श्यानता, म्हणजे द्रवाचा चिकट दाटपणा. गोल पाइपात हा आकडा साधारण २००० च्या आत असेल तर प्रवाह स्तरीय, ४००० च्या वर बहुधा संक्षुब्ध, मधे कसाही.

आता सोयाबीन तेल घ्या. पाइप ४ इंची, म्हणजे ०.१ मीटर, आणि वेग सेकंदाला १ मीटर. निफाडकडच्या थंडीत सकाळी तेल १० अंशांवर असेल तर श्यानता सुमारे ०.१ पास्कल-सेकंद, रेनॉल्ड्स नंबर ९२० च्या आसपास: स्तरीय. तेच तेल ६० अंशांपर्यंत तापवलं की श्यानता ०.०२ वर येते आणि नंबर साडेचार हजारांजवळ जातो: संक्षुब्ध. वेग तोच, पाइप तोच! गंमत म्हणजे थंड तेलाला मीटरमागे सुमारे ३२० पास्कल दाब खर्चावा लागतो, गरम तेलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. 'संथ' वाचून पंपाला सोपं जात असेल असं वाटेल, ते इथे साफ उलटं आहे.

मळीत तर हे फारच ठळक दिसतं. श्यानता १० पास्कल-सेकंद धरली (तापमान आणि ब्रिक्सप्रमाणे ती खूप बदलते), वेग अर्धा मीटर, तर त्याच पाइपात नंबर येतो अवघा ७. दाब मात्र मीटरमागे १६,००० पास्कल. नाशिकच्या उंचीवर हवेचा दाब ९४,००० च्या आसपास, म्हणजे टाकीतल्या मळीच्या उंचीचा आधार नसेल तर पाच-सहा मीटरच्या सक्शन लाइनीतच तो संपतो. मग व्हॅक्यूम गेजचा काटा पूर्ण व्हॅक्यूमकडे जातो, पंप खडखडतो आणि डिलिव्हरी तुटते. अशा वेळी पंपाचा स्पीड वाढवला तर ओढ आणखी वाढते. सक्शनला ६ इंची पाइप घाला: स्तरीय प्रवाहात दाबाचा खर्च व्यासाच्या चौथ्या घातानुसार घटतो, त्यामुळे तेवढ्याच मळीला तो एक पंचमांशावर येतो.

पुस्तिकेत पहिल्यांदा 'स्तरीय, म्हणजेच लॅमिनार' असं लिहा. पुढे नुसतं लॅमिनार ठेवलंत तरी हरकत नाही, ऑपरेटर तेच म्हणतात.