पहिली रॅकेट: वजन, बॅलन्स आणि ताण

प्रश्न: क्लबमध्ये नुकतंच बॅडमिंटन खेळायला लागलोय. 3U घेऊ की 4U? हेड-हेवी चालेल का? गटिंग किती पाउंडांवर करू?

4U घ्या, म्हणजे 80 ते 84 ग्रॅम. 3U फक्त पाचेक ग्रॅमने जड असते, पण डबल्समध्ये नेटजवळ पटापट रॅकेट वर आणताना तो फरक मनगटाला कळतो.

बॅलन्स साधारण समान ठेवा. दांडी बोटावर आडवी तोलून मुठीच्या टोकापासून मोजा: 285 ते 295 मिलिमीटर आलं की झालं. हेड-हेवीने, म्हणजे जाळीकडे जड असलेल्या रॅकेटने, स्मॅश जोरात बसतो खरा, पण आधी टायमिंग जमायला हवं.

खरी गडबड गटिंगच्या, म्हणजे जाळीच्या तारांच्या, ताणात होते. सीनियर 27 वर खेळतो म्हणून नवखाही 27 सांगतो. ताण वाढला की जाळीचा नीट उसळी देणारा भाग आक्रसतो आणि सगळा जोर आपल्यालाच लावावा लागतो. पूर्ण हात फिरवूनही क्लिअर मिडकोर्टलाच पडतोय, शटल जरा कडेला लागलं की ठक्क असा मेलेला आवाज येतोय आणि कोपर दुखतंय? मग रॅकेट बदलू नका, 21-22 वर गटिंग करून घ्या. क्लिअर सहज बॅकलाइनपर्यंत जायला लागले की पुढच्या वेळी एक पाउंड वाढवा.