तीन वर्षांची उन्हाळी आणि कपाटात पडून राहिलेली ट्यूब

"मॅडम, मला ५४ चालू आहे. पिशवी काढून १३ वर्षं झाली. ३ वर्षं झाली, उन्हाळी काही हटत नाही. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटतं, परत तेच. खाली सगळं कोरडं पडलंय, मालकांजवळ जायचं म्हटलं की चिरल्यासारखं होतं. आता डॉक्टरीणबाईंनी आत लावायचं मलम दिलंय. पण सुनेनं खोक्यातला कागद वाचला, त्यात कॅन्सरचं लिहिलंय म्हणाली, म्हणून ट्यूब तशीच कपाटात ठेवलीय. लावू का नको? आणि हार्मोनचंच औषध आहे, तर त्यानं हाडांना पण ताकद येते का?"

तासगावकडच्या या ताई द्राक्षबागेत कामाला जातात. मिरजेतल्या ज्या स्त्रीरोग दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते, तिथेच त्यांना ते मलम मिळालं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

मलमाचं बोलण्याआधी मी त्यांची कागदांची पिशवी उघडली. तिच्यात गावातल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. जळजळ झाली की अँटिबायोटिक, तीन-पाच दिवसांचा कोर्स, आणि बहुतेक वेळा लघवी न तपासताच. लघवीचं कल्चर फक्त दोनदा झालेलं, आणि दोन्ही वेळा जंतू वाढलेच नव्हते. मी विचारलं, "ताई, लघवी आतून येतानाच जळते, की बाहेर आल्यावर कातडीला लागली की झोंबते?" त्या थोडं थांबून म्हणाल्या, "बाहेर लागल्यावर. मीठ चोळल्यागत." ताप नाही, कंबरेच्या वर दुखत नाही, लघवीत रक्त नाही, साखर नॉर्मल. मात्र लघवीची घाई फार. बागेत आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, मग लघवी आणखी कडक व्हायची आणि आणखी झोंबायची.

डॉक्टरांनी केसपेपरवर तपासणी नीट लिहिली होती. योनीची त्वचा फिकट, पातळ, कोरडी, लघवीच्या छिद्राशी लाली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, तसा या त्वचेचा ओलावा आणि जाडी कमी होते. तिच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते आणि तिच्यावर चांगले जंतू जगतात. तेच जंतू आम्ल तयार करून जागा सांभाळतात. साखर कमी झाली की ते जंतू कमी होतात, आम्लता जाते आणि शौचाकडच्या जंतूंना वाट मोकळी होते. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भागही इस्ट्रोजेनवरच पोसलेला असतो, म्हणून कोरडेपणा, घाई, जळजळ हे सगळं एकाच वेळी येतं. अंगात वाफा येणं बऱ्याच जणींचं काही वर्षांत ओसरतं. हे मात्र उपचार न करता बरं होत नाही, वाढतच जातं. धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं की लघवी पातळ होऊन आराम पडतो, पण त्वचा तशीच राहते.

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे उलगडला. बारीक अक्षरांत स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, असं सगळं. वाचून कुणीही ट्यूब बाजूला ठेवेल. त्यांचा राग मला आला नाही, राग त्या कागदाचा आला. हे इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या हार्मोन गोळ्यांवरून आले आहेत. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले, त्यातही गोळ्याच होत्या. तोच मजकूर जागेवर लावायच्या औषधांच्या खोक्यातही छापला गेला. मी ताईंना प्रमाणाचा हिशोब सांगितला. योनीत ठेवायच्या इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनच्या छोट्या गोळीत १० मायक्रोग्रॅम औषध असतं. आठवड्यातून दोन, अशा वर्षभर वापरल्या तर सगळं मिळून जेमतेम १ मिलिग्रॅम होतं. पोटात घ्यायची एक नेहमीची गोळी तेवढ्याची असते, आणि ती रोज घेतात. ताईंच्या ट्यूबमध्ये इस्ट्रिऑल होतं, तेही इस्ट्रोजेनच, पण याहून सौम्य. कमी मात्रेत वापरलं तर रक्तातली पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीच्या आसपासच राहते. ज्यांची पिशवी जागेवर आहे त्यांनाही या कमी मात्रेसोबत पिशवीच्या अस्तराला जपण्यासाठी सहसा प्रोजेस्टेरॉनची गोळी द्यावी लागत नाही. पण पाळी गेल्यावर अंगावरून रक्ताचा डाग जरी दिसला तरी आधी डॉक्टरांना दाखवायचं, मलम चालू असो वा नसो.

ताईंनी ट्यूब सुरू केली आणि पाचव्या दिवशी बंद केली. फोनवर म्हणाल्या, "जास्तच झोंबतंय, मला मानवत नाही." हे बरेचदा होतं आणि बऱ्याच जणी इथेच सोडून देतात. पहिल्या दिवसांत त्वचा सोललेल्यासारखी असते, तिच्यावर काहीही लावलं तरी चुरचुरतं. पण मी विचारत गेले तसं आणखी एक कळलं. रोज रात्री मलमाआधी त्या जागा जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होत्या, आणि सकाळी साबणाने. तीन वर्षं घाण झाली असेल, जंतू असतील, हेच कानावर पडलेलं, मग दुसरं काय करणार? साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश, पावडर सगळं बंद करायला सांगितलं. बाहेरून साधं कोमट पाणी पुरे, आत धुवायचंच नाही.

डॉक्टरांनी पद्धत थोडी बदलून दिली. पहिला आठवडा मलम वाटाण्याएवढं बोटावर घेऊन योनीच्या तोंडाशी आणि लघवीच्या छिद्राभोवती लावायचं. मग ट्यूबसोबत आलेल्या नळीने अर्धा ग्रॅम आत, झोपताना, रोज दोन आठवडे. त्यानंतर आठवड्यातून दोनच रात्री. नळी पूर्ण भरायची नाही, अर्ध्या ग्रॅमच्या खुणेपर्यंतच. कोमट पाण्याने धुवून वाळवून ठेवायची. नळी नकोशी वाटली तर बोटानेही चालतं. वार ठरवताना ताईंनी सोमवार-गुरुवार नको म्हटलं, उपवास असतो. बुधवार आणि रविवार ठरले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंबं पडली. जळजळ झाली तेवढ्या दिवशी लावायचं, असं हे औषध नाही. त्वचा नव्याने भरायला वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो, पूर्ण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात.

मधल्या काळासाठी योनीत लावायचं मॉइश्चरायझर होतं. यात हार्मोन नसतं. थंडीत ओठांना लावतो तसं ते नेमाने लावायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, मलम नसलेल्या रात्री. संबंधाच्या वेळी लावायचं ल्युब्रिकंट वेगळं, ते फक्त घर्षण कमी करतं आणि तेवढ्यापुरतंच असतं. इस्ट्रोजेनचं मलम मात्र संबंधाच्या आधी ल्युब्रिकंट म्हणून लावायचं नाही, ते जोडीदाराच्या अंगालाही लागतं. ताईंनी हळूच विचारलं, खोबरेल चालेल का? चालतं, पुष्कळजणींना बरं वाटतं, फक्त निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटू शकतो. मालकांना काय सांगायचं, हाही प्रश्न होता. त्या नातवाला जवळ घेऊन झोपायच्या आणि विषय टाळायच्या, तिकडे मालक समजत होते की बायको नाराज आहे. पुढच्या वेळी दोघं आले. मी एवढंच सांगितलं की ही कातडीची दुखापत आहे, तीन महिने तिला भरू द्या, तोवर जवळीक असू द्या पण आत प्रवेश नको. ते म्हणाले, "एवढंच होतं होय? मला आधी सांगायचं की."

बारा आठवड्यांनी झोंबणं गेलं होतं, घाई बरीच कमी झाली होती. मधे एकदा जळजळ झाली तेव्हा गोळी घेण्याआधी त्यांनी लघवी कल्चरला दिली. आधी थोडी लघवी जाऊ द्यायची, मग मधली धार बाटलीत धरायची, हे त्यांना आता पाठ आहे. बारा आठवडे नेमाने लावूनही फरक पडला नसता तर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं असतं. खाज फार असेल आणि कातडीवर पांढरे चट्टे असतील तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याला वेगळं मलम लागतं. लघवीत रक्त दिसलं तर वाट पाहायचीच नाही.

हाडांच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं होतं. जागेवरचं मलम रक्तात फारसं जात नाही, म्हणूनच ते निर्धोक, आणि म्हणूनच ते हाडांपर्यंतही पोचत नाही. पण त्या प्रश्नाने मला दुसरी गोष्ट विचारावीशी वाटली. "पिशवीबरोबर अंडाशयंही काढली होती का?" ताईंना माहीत नव्हतं. आपल्याकडे कितीतरी जणींना माहीत नसतं, 'पिशवी काढली' एवढंच सांगितलेलं असतं. ट्रंकेतून जुनं डिस्चार्ज कार्ड आलं, त्यावर दोन्ही अंडाशयं काढल्याचं लिहिलं होतं. म्हणजे ४१व्या वर्षीच एका दिवसात इस्ट्रोजेन बंद झालेलं. शिवाय दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून मनगट मोडलं होतं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हे हाडं ठिसूळ झाल्याचं लक्षण असतं, पण तेव्हा प्लास्टर झालं आणि पुढे कुणी विचारलं नाही. बायकांची हाडांची तपासणी सर्वसाधारणपणे ६५व्या वर्षी सुचवतात. पाळी ४५च्या आत गेली असेल, असं हाड मोडलं असेल, आईवडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं असेल किंवा स्टेरॉइड बरेच दिवस चालू असतील तर ६५ची वाट पाहत नाहीत.

ताई म्हणाल्या, गावच्या शिबिरात टाचेवर मशीन लावून 'ठीक' सांगितलं होतं. त्या यंत्रावरून निदान करत नाहीत. निदानासाठी मणका आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन लागतो. पडून राहायचं, दुखत नाही, काही मिनिटांत होतो. त्यात टी-स्कोर येतो, म्हणजे आपल्या हाडांच्या घनतेची तरुण निरोगी बाईच्या सरासरीशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ताईंचा मणक्याचा उणे २.७ आला, खुब्याचा उणे १.९. रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, किडनी आणि थायरॉइड तपासून डॉक्टरांनी हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेटची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू केली. ती सकाळी उपाशीपोटी, भरल्या पेल्याभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहाही नाही, नाहीतर अन्ननलिका जळते आणि गोळी अंगी लागत नाही.

जाताना त्यांनी मलम किती दिवस लावायचं ते विचारलं. जोवर बरं ठेवायचंय तोवर, कारण बंद केलं की त्रास हळूहळू परत येतो. डॉक्टर वर्षातून एकदा बघतील. मग त्यांनी शेजारणीबद्दल विचारलं. तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, लेट्रोझोल चालू आहे, आणि तिलाही हाच त्रास. तिला आपली ट्यूब देऊ का? मी नको म्हटलं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तळाला नेण्यासाठीच देतात, त्यामुळे तिच्यासाठी सुरुवात मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंटने करायची, आणि मलमाचा निर्णय तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. त्या गोळीने हाडंही विरळ होतात, म्हणून डेक्साचंही तिने त्यांनाच विचारावं, असा निरोप ताई घेऊन गेल्या.