मोर्चाचे तीन आकडे, बातमीत कोणता?

प्रश्न: आयोजक म्हणतात पाच लाख, पोलीस म्हणतात दोन, तिसरे कुणी मधलाच आकडा देतात. मग बातमीत काय लिहायचं?

तिन्ही लिहा, पण प्रत्येकाने नेमकं काय मोजलं तेही लिहा. हाँगकाँगचा १ जुलै २०१९ चा मोर्चा बघा. आयोजकांनी साडेपाच लाख सांगितले, पोलिसांनी १ लाख ९० हजार, तर पादचारी पुलांवर कॅमेरे लावून मोजणाऱ्या संशोधकांनी सुमारे २ लाख ६५ हजार. पोलिसांचा आकडा गर्दी सर्वाधिक असतानाच्या क्षणाचा होता, कॅमेऱ्यांचा तिथून दिवसभरात पुढे गेलेल्या लोकांचा. म्हणजे हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतातच असं नाही. अर्ध्या वाटेत आलेले किंवा लवकर घरी गेलेले लोक पोलिसांच्या हिशेबातून सहज सुटतात, आणि पुलाआधीच गल्लीत वळलेले कॅमेऱ्यातून.

तिघांची सरासरी मात्र कधीच काढू नका. वेगवेगळ्या गोष्टींची सरासरी म्हणजे कशाचाच आकडा नाही.

स्वतः पडताळायचं तर नकाशावर रस्ता मोजा. समजा दोन किलोमीटर लांब, वीस मीटर रुंद, म्हणजे ४० हजार चौरस मीटर. चालत्या मोर्चात चौरस मीटरला दोन माणसं धरली तर एका वेळी ८० हजार. चार धरली तर दीड लाखाच्या वर, पण इतक्या दाटीत चालणं कठीण. तेवढ्या रस्त्यावर ‘एका वेळी पाच लाख’ कुणी म्हणालं, तर कसे मोजले ते विचारा. उत्तर नसेल तर ‘आयोजकांचा दावा’ एवढंच लिहा, आणि मथळ्यात आकडा घेऊ नका.